तुझं पत्र मिळालं, मजकूर समजला

‘तुझे ४ तारखेचे पत्र आज १५ तारखेस मिळाले, मजकूर समजला.’ सीमेवरचा मराठी जवान बायकोच्या पत्राला उत्तर लिहायला बसला, की पहिली ओळ बहुधा हीच. घरापासून कधी लांब न राहिलेल्या माणसाला ती कोरडी वाटेल. ज्या बाईने अकरा दिवस वाट पाहिली, तिला मात्र या एका ओळीत बरंच काही कळतं. तिचं नेमकं कोणतं पत्र पोचलं, पोचायला किती दिवस लागले आणि १५ तारखेला तो धडधाकट बसून लिहीत होता, एवढं तिला पुढचं काही वाचायच्या आधीच समजतं.

मोबाइल गावोगाव पोचण्याआधीची, म्हणजे साधारण १९९० च्या दशकापर्यंतची ही गोष्ट. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांत घराघरांतून माणसं पलटणीत गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ हाच शब्द जोडला गेला. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. अशा गावांतल्या संसारांचा मोठा भाग पत्रांवर चालला. त्या पत्रव्यवहारात बायकोच्या पत्रापेक्षा नवऱ्याचं उत्तर लिहिणं अवघड होतं. ती विचारू शकत होती, रडू शकत होती. त्याला काय सांगायचं, काय गाळायचं आणि गाळलेलं तिला कळूनही ती घाबरणार नाही असं कसं लिहायचं, हे सगळं एका निळ्या अंतर्देशीयात बसवावं लागायचं.

पत्र जायचं कसं, ते आधी पाहायला हवं, कारण पत्राची घडण त्या वाटेनेच ठरवली आहे. पत्त्यात जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. गावाचं नाव नाही, राज्याचं नाही. ५६ एपीओ हा पत्ता उत्तर आणि पश्चिमेकडच्या तुकड्यांसाठी, ९९ एपीओ पूर्वेकडच्या. पिनकोड ९ या आकड्याने सुरू होतो. तो आकडा फक्त लष्करी टपालाचा. गावच्या पोस्टातून निघालेलं पत्र लष्कराच्या टपालकेंद्रात जातं आणि पलटण आज कुठे आहे हे तिथल्या माणसांना माहीत असतं. पलटण राजस्थानातून उचलून लडाखला नेली, तरी बायकोच्या हातचा पत्ता तोच राहतो. ही व्यवस्था जुनी आहे. १८५६ मध्ये इराणच्या आखातातल्या बुशहरवर फौज गेली, तेव्हा तिच्याबरोबर हिंदुस्थानी फौजेचं पहिलं फील्ड पोस्ट ऑफिस गेलं. आजच्या आर्मी पोस्टल सर्व्हिसला १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र दल म्हणून मान मिळाला, आणि तिचं प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे. टपालखात्यातली बरीच माणसं तिथे शिकून, गणवेश चढवून पलटणींबरोबर जातात.

लडाखसारख्या ठिकाणी हिवाळ्यात झोजी ला बंद झाली, की रस्त्याचा प्रश्नच मिटतो. मग डाक विमानाने लेहला, तिथून ट्रकने, पुढे हेलिकॉप्टरने किंवा माणसाच्या पाठीवर. हवा बिघडली की थैली जिथल्या तिथे पडून राहते. त्यामुळे पत्रं क्रमाने येत नाहीत. ४ तारखेचं आधी मिळतं, २७ तारखेचं नंतर. मुलाला ताप आल्याचं पत्र त्याच्या हातात पडतं, तेव्हा मूल अंगणात खेळत असतं. आणि ‘ताप कसा आहे’ हा त्याचा प्रश्न घरी पोचतो, तेव्हा तिलाही आठवावं लागतं, कुठला ताप? म्हणून जुने जाणते जवान नव्या पोरांना सांगत, पत्रावर नंबर टाक, आणि कोणत्या तारखेच्या पत्राला उत्तर देतोयस ते पहिल्यांदा लिही.

दुसरी अडचण घरातली. पत्र एकट्या बायकोचं नसायचं. पोस्टमन अंगणात आला, की सासू-सासरे, दीर, शेजारची म्हातारी सगळी गोळा व्हायची. बायको शिकलेली नसेल तर पोस्टमन किंवा शाळेत जाणारा पुतण्या मोठ्याने वाचायचा. शिकलेली असली तरी तिलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागायचं. नवरा-बायकोतलं बोलणं दहा माणसांच्या कानांवरून जाणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. मराठी लष्करी पत्रातली माया म्हशीच्या, बांधाच्या, खोकल्याच्या बोलण्यात मिसळलेली दिसते, त्याचं मोठं कारण हे आहे.

पुढचं पत्र कुणा एका जवानाचं नाही. अशा पत्रांची रीत, त्यातले नेहमीचे विषय आणि बोलण्याची तऱ्हा धरून ते या लेखासाठी रचलं आहे. लिहिणारा सातारा जिल्ह्यातला, पंचविशी ओलांडलेला, लडाखमधल्या एका उंच चौकीवरचा. तिने संक्रांतीआधी पाकीट पाठवलं होतं, त्यात चिमूटभर हलवा. तो उत्तर लिहितोय अंतर्देशीयावर, ज्याच्या आत काहीच ठेवायला परवानगी नसते.

॥ श्री ॥
१५ जानेवारी

प्रिय सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे ४ तारखेचे पत्र आज मिळाले, मजकूर समजला. त्याआधीचे २७ तारखेचे अजून आले नाही. त्यात पैशाचे काही लिहिले असशील तर पुन्हा लिही. हलव्याची वाटेत पूड झाली होती. आम्ही आठ जणांनी चिमूट चिमूट घेतली आणि एकमेकांना गोड बोला म्हणालो.

थंडी किती आहे विचारलेस. थंडी आहे, खोटे सांगत नाही. पाणी बर्फ वितळवून करावे लागते, त्यामुळे तोंड धुवायचे म्हटले की बाळ्यासारखी टाळाटाळ होते. पण कपडे चांगले मिळाले आहेत. झोपायच्या आधी आम्ही दोघे दोघे एकमेकांच्या पायाची बोटे बघतो आणि मोजे बदलतो. माझी दहाच्या दहा बोटे जागेवर आहेत. तू विणलेला स्वेटर आत घालतो. कोपराला उसवला आहे, आल्यावर बघ. भूक थोडी कमी झाली आहे, उंचीवर सगळ्यांचेच तसे होते. चहा मात्र चार वेळा होतो.

रेडिओवर ऐकून तू रात्रभर जागी राहिलीस. तसे पुन्हा करू नको. रेडिओवर जे नाव घेतात तो मुलूख फार मोठा आहे. मी त्यात कुठे आहे ते लिहिता येत नाही, तुला ते माहीत आहे. तू एवढेच कर, बातमीची तारीख लक्षात ठेव. त्या तारखेनंतरचे माझे पत्र आले की त्या बातमीचे ओझे टाकून दे. आणि पत्राला उशीर झाला तर रस्ता बंद आहे, विमान आले नाही, असेच समजायचे.

बांधाचे समजले. भांडायला जाऊ नको आणि अण्णांनाही जाऊ देऊ नको. सातबाराचा उतारा काढून ठेव. मोजणीचा अर्ज अण्णांच्या सहीने भूमी अभिलेखच्या ऑफिसात द्यायचा, पैसे भरल्याची पावती पेटीत ठेव. मी साहेबांना सांगितले आहे, ते कलेक्टर साहेबांना पत्र देणार आहेत. हातभर बांध कोरला तर मोजणीत परत मिळेल, डोके फुटले तर काय करायचे? अण्णांना तालुक्याला नेऊन छातीचा फोटो काढून घे. बिडीचे माझ्या नावाने बोल, तुझ्या नावाने नको.

बाळ्या माझ्या फोटोला मामा म्हणतो हे वाचून मला हसू आले, मग हसू आले नाही. त्याला रागावू नको. मी निघालो तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता. त्याचा पाय कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव. येताना बूट आणतो.

सुट्टीसाठी नाव दिले आहे. तारीख लिहीत नाही. मागच्या खेपेला लिहिली आणि तू तीन दिवस एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन उभी राहिलीस. हे मला धाकट्याने कळवले, तू नाही कळवलेस. रस्ता उघडला की ज्यांची पाळी आहे त्यात मी आहे, एवढे खरे धर.

घर माणसांनी भरलेले असते तरी दिवेलागणीला काही सुचत नाही असे तू लिहिलेस. मलाही त्याच वेळेला तसे होते. मग मी घड्याळ बघतो आणि म्हणतो, आता ती धार काढायला बसली असेल. चांदी लाथ मारते, पाय बांधल्याशिवाय बसत जाऊ नको.

आई-अण्णांस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद, बाळ्यास गोड पापा. कळावे.

तुझाच

ता. क. हे घडीवरचे मोठ्याने वाचू नको. इथे सगळे मिळते, तुझी गोधडी मिळत नाही.

या पत्रात ‘प्रेम’ हा शब्द नाही. तरीही तिच्या पत्रातली एकही ओळ त्याने वाऱ्यावर सोडलेली नाही. थंडी, जेवण, बातमी, बांध, सासऱ्यांचा खोकला, मूल, सुट्टी आणि शेवटी संध्याकाळ. तिचं पत्र मांडीवर ठेवून, ओळीवर बोट ठेवत तो खाली खाली सरकला आहे. ‘तुझी आठवण येते’ असं दहादा लिहून पाठवलेल्या पत्रापेक्षा अशा पत्राने बाईचा जीव जास्त भांड्यात पडतो, कारण तिला कळतं, आपण लिहिलेलं त्याने दोनदा वाचलं आहे.

काळजीला त्याने दिलेलं उत्तर निरखून पाहण्यासारखं आहे. ‘मी मजेत आहे, काळजी करू नको’ एवढंच लिहिणारे जवान पुष्कळ असत, आणि त्यांच्या बायका ते कधीच खरं मानत नसत. सगळं उत्तम आहे असं सांगणारं पत्र संशय वाढवतं. इथे त्याने थंडी कबूल केली, भूक कमी झाल्याचंही कबूल केलं. ही दोन लहान दुखणी तिच्या हातात दिली, म्हणून ‘दहाच्या दहा बोटे जागेवर आहेत’ हे ती मानू शकते. बोटांची गोष्ट उगाच आलेली नाही. अतिशीत उंचीवर हिमदंश पहिल्यांदा हातापायांच्या बोटांना धरतो. बोट आधी बधिर होतं, पांढुरकं पडतं आणि दुखणं थांबतं. दुखत नाही म्हणून माणूस बेफिकीर राहतो, तिथेच घात होतो. स्वतःच्या पायाचं स्वतःला कळत नाही म्हणून जोडीदाराने पाहायचं, ओला मोजा पायात ठेवून झोपायचं नाही, ही तिथली रोजची शिस्त आहे. जवान ती शिस्त तिला सांगतो आणि तिने रोज मनात धरलेल्या भीतीला एक रोजचं काम जोडून देतो. आता तिला ठाऊक आहे, निजायच्या वेळी त्याच्या पायाकडे पाहणारं कुणीतरी आहे.

गाळलेलंही पुष्कळ आहे. चौकीचं नाव, उंची, किती माणसं, समोर कोण, गोळीबार झाला की नाही, यातलं काही लिहायला मनाई असते. पण मनाई नसती तरी त्याने शेवटचं लिहिलं असतं का? बहुधा नाही. कारण पत्र पोचायला लागणारे दिवस. आज लिहिलेली भीती तिच्या हातात पंधरवड्याने पडणार, ती त्या रात्री ताजी होणार आणि तिला उलट विचारायला पुन्हा पंधरवडा लागणार. त्याऐवजी तो तिला हिशेब करायला शिकवतो. बातमीची तारीख आणि पत्राची तारीख ताडून पाहा. हे धीर देणं शब्दांचं नाही, पुराव्याचं आहे. मात्र त्यालाही मर्यादा आहे. पत्राची तारीख त्या दिवसापुरतीच बोलते, पुढच्या दिवसाचं काही सांगत नाही. तीही ते जाणते. म्हणूनच पत्र आल्यावरचे दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा पोस्टमनच्या सायकलकडे कान लागतात.

बायका शब्दांपलीकडचं वाचत. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं, ओळी उतरत्या लागल्या, की हाताला काही झालंय का, ही शंका. शाई मध्येच फिकी होऊन पुन्हा गडद झाली, म्हणजे थंडीने बॉलपेन गोठलं आणि त्याने ते काखेत धरून ऊब दिली. नेहमी घडीपर्यंत भरून येणारं अंतर्देशीय अर्धं कोरं आलं, तर त्या कोऱ्या जागेवर ती रात्र काढायची. मनिऑर्डरच्या फॉर्मलाही खाली एक तुकडा असे, पैसे घेणाऱ्याला मिळणारा. त्यावर दोन-चार ओळी लिहिता येत. पत्र अडकलं आणि मनिऑर्डर आली, की पैशांच्या आधी तो तुकडा पाहिला जाई.

बांधाचा परिच्छेद शहरी वाचकाला पत्रात उपरा वाटेल. वास्तविक जवानाच्या बायकोची निम्मी धास्ती सीमेवरची नसते, शिवेवरची असते. नवरा लांब आहे हे पाहून शेजारी किंवा भाऊबंद नांगराच्या दोन तासांनी बांध कोरतो. यावर तिला ‘धीर धर’ म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. जवानाने तिला पायऱ्या सांगितल्या आहेत. उतारा, मोजणीचा अर्ज, पावती. आणि पलटणीच्या अधिकाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना पत्र देणं, ही लष्करातली जुनी आणि खरोखर उपयोगी पडणारी रीत आहे. प्रकरण कोर्टात गेलंच, तर १९२५ चा एक कायदा जवानाच्या बाजूने उभा राहतो, इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीतल्या नेमणुकीवर असलेल्या जवानाविरुद्ध दावा चालू असेल आणि त्याच्या बाजूने रीतसर कुणी उभं नसेल, तर कोर्टाने काम थांबवून लष्करी अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. अधिकाऱ्यांनी जवान येऊ शकत नाही असा दाखला दिला की तारीख पुढे जाते. जवानाला स्वतः दावा लावायचा असेल, तर अशा नेमणुकीवरचा काळ मुदतीतून वगळला जातो. कायद्याने तारीख थांबते, बांध कोरणारा नांगर थांबत नाही. तो थांबवायला मोजणीच लागते. म्हणून पत्रात कायद्याचं नाव नाही आणि पावतीचं आहे.

सुट्टीबद्दल तो हात आखडता घेतो, तेही अनुभवातून. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक सुट्टी असते, वर किरकोळ रजा. कागदावर ती हक्काची, प्रत्यक्षात तिची तारीख रस्ता, हवामान, पलटणीची हालचाल आणि बदलीला येणारा माणूस या चौघांच्या हातात. नव्या जवानाची सगळ्यात मोठी चूक हीच, तो उत्साहाने तारीख लिहून टाकतो. मग सुट्टी रद्द झाल्याचं दुसरं पत्र येईपर्यंत घरी सारवण झालेलं असतं आणि बायको फाट्यावर उभी असते. फाट्याची गोष्ट तिने लपवली आणि त्याला दुसरीकडून कळली. म्हणजे गाळणं दोन्ही बाजूंनी चालू आहे. त्याने ते पकडलं आणि एका वाक्यात तिच्यापुढे ठेवलं. रागावला नाही. अख्ख्या पत्रात हे वाक्य सगळ्यात हळवं आहे असं म्हणावंसं वाटतं.

आणि घडीवरची ओळ. अंतर्देशीय चिकटवताना आत दुमडणारी जी पट्टी असते, तिथे शेवटचं लिहायची अनेकांना सवय. मोठ्याने वाचणारा माणूस ‘कळावे’ला थांबतो. पत्र घडी करून फळीवर जातं. रात्री सगळं निजल्यावर ती ते पुन्हा काढते आणि चिमणीच्या उजेडात पट्टी वाचते.

पहिल्या महायुद्धात हा एकांत अजिबात नव्हता. १९१४ मध्ये हिंदी फौज फ्रान्सला गेली आणि त्याच वर्षअखेरीस बुलोन शहरात हिंदी टपालाची तपासणी सुरू झाली. सांगणारा जवान एक, लिहिणारा दुसरा, तपासणारा तिसरा, गावी वाचणारा चौथा. तपासनीस निवडक उताऱ्यांचं इंग्रजी करून अहवालात घालत. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्या काळच्या जवानांचं मन कळायचं तेच मोठं साधन आहे. मूळ पत्रं घरोघर गेली, भिजली, फाटली, चुलीत गेली. त्या जवानांनी आपल्या बोलीत बायकोला काय म्हटलं, ते बहुतांशी इंग्रजीतून उरलं आहे. हे नुकसान मोठं आहे. ‘मग हसू आले नाही’ सारख्या वाक्याचं भाषांतरात काय झालं असेल, याचा विचार करून पाहावा.

फ्रान्सहून निदान पत्रं येत तरी होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन कुत या गावी वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असे १४७ दिवस वेढा चालला, अन्न संपलं आणि फौज शरण गेली. पुढे तुर्की कैद. सातारा-रत्नागिरीकडच्या घरांत त्या महिन्यांत उत्तराची वाट पाहणाऱ्या बायकांना ना पत्र, ना तारीख ताडून पाहण्याची सोय.

आता चौक्यांवर सॅटेलाइट फोन पोचले आहेत. पायथ्याशी उतरलं की मोबाइलही लागतो. आवाज ऐकू येतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे. १४७ दिवसांची ती शांतता आठवली तर ती नाकारता येत नाही. मात्र फोनवर तीन-चार मिनिटं मिळतात, मागे दुसरे जवान पाळीची वाट पाहत उभे असतात आणि आवाज मध्येच तुटतो. अशा वेळी बोलणं ‘जेवलास का’, ‘थंडी आहे का’ इथवर येऊन थांबतं. बांधाचं निम्मं राहतं, संध्याकाळचं तर निघतच नाही. फोन ठेवल्यावर आठवतं, हे विचारायचं होतं. पत्रात उत्तराला वेळ होता. तिने ४ तारखेला लिहिलेलं त्याने १५ तारखेला शांतपणे, बुखारीजवळ बसून, पुन्हा वाचलं होतं.

तिचं पुढचं पत्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चौकीवर पोचतं. ‘तुमचे १५ तारखेचे पत्र २८ तारखेला मिळाले, मजकूर समजला.’ मोजणीची पावती पेटीत ठेवली आहे. अण्णांनी बिडी कमी केली आहे, सोडलेली नाही. चांदीचे पाय बांधते. आत एक घडी घातलेला वहीचा कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेला पाय. बाळ्याने मध्येच पाय हलवला असावा, कारण करंगळी दोनदा उमटली आहे. त्याच्याजवळ पट्टी नाही, म्हणून तो काडेपेटीतल्या काड्या एकीपुढे एक मांडून माप घेतो. टाचेपासून अंगठ्यापर्यंत तीन काड्या. मग रस्ता उघडायला अजून किती महिने आहेत ते बोटांवर मोजतो आणि अर्धी काडी वाढवून धरतो.